चौतीस डंबेल्स आणि एक ठाणं

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला लेझीम मुलींना, घुंगुरकाठी लहानांना आणि डंबेल्स मुलांना अशी वाटणी असायची. डंबेल्स लाकडी, रंग उडालेले, आणि दोन डंबेल्स एकमेकांवर आपटल्याचा आवाज एकसाथ आला पाहिजे ही कवायतीच्या सरांची एकमेव अट. तो कधीच एकसाथ आला नाही. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा नेमका सगळ्यांच्या नंतर आपटायचा आणि पालकांना वाटायचं तो आवाज मुद्दाम ठेवलाय. पुढे पोटापाण्यासाठी आकडेवारीच्या नादी लागले आणि पस्तिशी उलटल्यावर तेच डंबेल्स पुन्हा हातात आले. या वेळी मुलांच्या जागी महाराष्ट्रातले जिल्हे रांगेत उभे होते, आणि उशिरा आपटणारा त्यातही होताच.

झालं असं, की आमच्या संस्थेच्या संचालक सरांनी सोमवारी दुपारी बोलावून सांगितलं, "मॅडम, गुरुवारी बैठक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी आणि पाचवी फेरी. खुजेपणा. सगळे जिल्हे. एका पानात." खुजेपणा म्हणजे पाच वर्षांखालच्या मुलाची उंची त्याच्या वयाच्या मानानं बरीच कमी असणं. चौथी फेरी २०१५-१६ ची, पाचवी २०१९-२१ ची. राज्याचा आकडा मला पाठच होता: ३४.४ टक्क्यांवरून ३५.२. म्हणजे चार वर्षांत राज्य जागचं हललं नाही. पण राज्य म्हणजे काही एक माणूस नाही. आत कुणी पुढे गेलं असेल, कुणी मागे, आणि बेरीज जागच्या जागी राहिली असेल. सरांना तेच बघायचं होतं.

पहिलं चित्र मी नेहमीच्या सवयीनं काढलं. प्रत्येक जिल्ह्याला दोन उभे खांब, एक निळा, एक केशरी. पस्तीस जिल्ह्यांचे सत्तर खांब. खाली जिल्ह्यांची नावं मावेनात म्हणून ती तिरकी केली, मग उभी केली. शेवटी वाचणाऱ्याची मान आडवी करायची एवढंच शिल्लक राहिलं. आमचे ऑफिसातले मामा चहा ठेवताना थबकले. "मॅडम, कंगवा कुणाचा मोडलाय?"

मामांचा शेरा चित्राच्या वर्मावर होता. दोन खांब शेजारी असले की डोळा खांबांच्या उंच्या बघतो. बदल हा दोन टोकांमधला फरक असतो आणि तो मनातल्या मनात वजाबाकी करून काढावा लागतो. एका जिल्ह्यापुरती ही वजाबाकी जमते. पस्तीस वेळा करायला लावणं म्हणजे बैठकीला आलेल्या साहेबाला पाढे म्हणायला लावणं.

डंबेल चित्रात ही वजाबाकी काढूनच दिलेली असते. प्रत्येक जिल्ह्याला एक आडवी ओळ. तिच्यावर जुन्या फेरीचा एक ठिपका, नव्या फेरीचा दुसरा, आणि दोघांना जोडणारी रेघ. रेघ लांब तर बदल मोठा, आखूड तर बदल थोडा. नावं डावीकडे सरळ, वाचता येतील अशी. बस्स. हे काढायला तीन ओळी पुरतात असं मी सरांना बढाईनं सांगितलं, आणि ते खरंही होतं. त्या तीन ओळींच्या आधीच्या कामात मात्र मंगळवार उजाडला.

कारण आधी दोन्ही फेऱ्यांचे तक्ते जोडायचे होते. ते नावावरून जोडता येतील असं ज्याला वाटतं त्यानं महाराष्ट्राचं नावांचं दुकान पाहिलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत बीड हे Bid आहे आणि बाकी जग Beed लिहितं. बुलढाण्यातला ढ जनगणनेनं अल्पप्राण करून टाकलाय, गोंदियाला एक जास्तीचा y दिलाय. अहमदनगर दोन स्पेलिंगांत फिरायचं, आता अहिल्यानगर झालं. उस्मानाबाद धाराशिव झालं. संगणकाला यातलं काहीच कळत नाही. जुळलं नाही की तो जिल्हा तो गुपचूप वगळतो. तक्रार नाही, निरोप नाही. पहिल्या जोडणीत माझ्या महाराष्ट्रात अठ्ठावीस जिल्हे उरले होते आणि चित्र इतकं सुबक दिसत होतं की मी मोजलेच नसते. मामांनी विचारलं, "आमचं बुलढाणं कुठंय?" तेव्हा मोजले.

याहून मोठा विनोद म्हणजे नाव जुळणं. मी उत्साहात सगळ्या देशाचा तक्ता उघडला होता. Raigarh जुळलं. आमच्या रायगडाला जनगणनेनं हेच स्पेलिंग दिलंय, आणि छत्तीसगडमध्येही रायगढ आहे. Aurangabad जुळलं. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. काही काळ माझ्या चित्रात मराठवाड्याचा जुना ठिपका आणि बिहारचा नवा ठिपका एका रेघेनं सुखानं जोडलेले होते. आंतरराज्य विवाह म्हणून ठीक, सर्वेक्षण म्हणून नाही.

म्हणून नाव सोडायचं आणि जनगणनेचा जिल्हा क्रमांक धरायचा. २०११ मध्ये महाराष्ट्राचे क्रमांक ४९७ ते ५३१ होते, नंदुरबारपासून सांगलीपर्यंत पस्तीस. क्रमांकाला ढ आणि ड यातला फरक पडत नाही, नामांतराची चळवळ त्याला शिवत नाही. क्रमांकावर जोडलं आणि पस्तीसच्या पस्तीस आले. मी सुटकेचा श्वास सोडला. तो लवकर सोडला.

कारण ५१७ म्हणजे ठाणे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळं झालं. पण चौथ्या फेरीनं जिल्हे २०११ च्या जनगणनेचे धरले होते. म्हणजे तिच्या ठाण्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, सगळा आदिवासी पट्टा आहे. पाचव्या फेरीत पालघर वेगळं मोजलंय आणि ठाण्यात प्रामुख्यानं कल्याण, डोंबिवली, भिवंडी, नवी मुंबई हा शहरी पसारा उरलाय. जुन्या आणि नव्या ठाण्याला रेघेनं जोडलं की ती रेघ मुलांबद्दल काही सांगत नाही, ती तालुक्यांच्या वाटणीबद्दल सांगते. आणि अशा रेघा दिसायला फार गोड असतात. अवघड भाग दुसऱ्याच्या घरी गेला की आपलं घर आपोआप सुधारतं. हे आमच्या एकत्र कुटुंबात वाटण्या झाल्या तेव्हा मोठ्या काकूंनी सिद्ध केलंच होतं.

तेव्हा ठाण्याला रेघ नाही, आणि पालघरला जुना ठिपकाच नाही. दोघांनाही मी फक्त नव्या फेरीचा एकेक ठिपका देऊन चित्राच्या तळाशी बसवलं आणि खाली बारीक अक्षरात कारण लिहिलं. छत्तीस जिल्हे, चौतीस डंबेल्स, दोन सुटे गोळे. सर म्हणाले, "ठाणं नसलेला महाराष्ट्र बरा दिसत नाही." मी म्हटलं, "सर, दिसण्यासाठीच तर लोक रेघ काढतात."

मग ते तीन ओळींचं काम:

```r
d <- inner_join(r4, r5, by = "code")
d <- filter(d, code != 517)
d$district <- reorder(d$district, d$khuje5)

ggplot(d, aes(y = district)) +
  geom_segment(aes(x = khuje4, xend = khuje5, yend = district),
               colour = "grey70") +
  geom_point(aes(x = khuje4), shape = 21, fill = "white", size = 3) +
  geom_point(aes(x = khuje5), size = 3)
```

यात खरा निर्णय तिसऱ्या ओळीत आहे, `reorder` मध्ये. तो शब्द विसरलात तर जिल्हे अकारविल्हे लागतात, आणि तेही खालून वर, कारण संगणक उभा अक्ष भिंत बांधल्यासारखा तळापासून रचतो. अहमदनगर पायाशी, यवतमाळ डोक्यावर. असं चित्र म्हणजे शाळेचा हजेरीपट. आपला जिल्हा सापडतो, पण बाकी काही सापडत नाही, ठिपके वाटाणे सांडल्यासारखे पसरलेले असतात. नव्या फेरीच्या आकड्यानं लावलं की भरीव ठिपक्यांची एक तिरकी रांग तयार होते आणि जुने पोकळ ठिपके तिच्या आजूबाजूला कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे लटकतात. आज कोण कुठे आहे हे एका नजरेत, कोण कुठून आलं हे दुसऱ्या नजरेत.

मंगळवारी सरांना ते दाखवलं. ते म्हणाले, "बदलानं लावा की. जास्तीत जास्त सुधारलेला वर. लोकांना तेच हवं असतं." लोकांना तेच हवं असतं हे बरोबर. म्हणूनच मला ते नको होतं.

कारण सांगते. शाळेत आमच्या वर्गात एकदा चाचणीत सगळ्यांत कमी गुण मिळवणाऱ्याला पुढच्या चाचणीत "लक्षणीय प्रगती" असा शेरा हमखास मिळायचा. त्यातला अर्धा भाग अभ्यासाचा असेल, अर्धा मागच्या वेळी ताप होता त्याचा. सर्वेक्षणातही तसंच. एखाद्या जिल्ह्यात मागच्या फेरीला नशिबानं जरा जास्तच वाईट वस्त्या निवडल्या गेल्या, तर त्याचा जुना आकडा खऱ्यापेक्षा वर गेला. पुढच्या फेरीला नशीब सरासरीवर येतं, आकडा खाली उतरतो, आणि काहीही न करता तो जिल्हा बदलाच्या यादीत वर चढतो. जो मागच्या वेळी नशिबानं चांगला दिसला होता तो तळाला जाऊन नोटीस खातो. बदलानं लावलेल्या चित्राच्या दोन्ही टोकांना असे नशीबवान आणि कमनशिबी जास्त भेटतात. सरांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या शाळेतली प्रगती..." मी विषय बदलला.

पण नशिबाचा वाटा तरी केवढा? बुधवारी मी तो कागदावर मांडला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सांगायची गोष्ट असेल तर ती हीच. समजा एका जिल्ह्यात तीनशे मुलांची उंची मोजली आणि ३५ टक्के खुजी निघाली. साध्या सूत्रानं या आकड्याची प्रमाण चूक पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येते. पण ही तीनशे मुलं जिल्हाभरातून सुटी सुटी उचललेली नसतात, निवडलेल्या गावांतून आणि वस्त्यांतून घोळक्यानं आलेली असतात, आणि एका वस्तीतली मुलं एकमेकांसारखी असतात. त्यामुळे चूक वाढून सव्वातीनच्या घरात जाते. ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर तिची दुप्पट धरायची: ३५ च्या दोन्ही बाजूंना साधारण साडेसहा. आणि आपण दोन फेऱ्यांतला फरक बघतोय. दोन्हीकडे चूक, म्हणून फरकाची चूक आणखी जवळजवळ दीडपट. शेवटी उत्तर येतं सव्वानऊच्या आसपास.

म्हणजे एवढ्या नमुन्यावर एखादा जिल्हा ३८ वरून ३३ वर आला, तर माझं चित्र ठणठणीत पाच टक्क्यांची रेघ काढणार, साहेब टाळ्या वाजवणार, आणि आकडा मात्र म्हणणार: मला सांगता येत नाही. ठिपका दिसतो मिरीएवढा, असायला हवा होता बत्ताशाएवढा.

हे पटत नसेल त्यानं एकदा मोजणी बघावी. मी एका वेगळ्या पाहणीच्या वेळी पाहिली आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर झोपवून मोजतात. एक जण डोकं धरतो, एक गुडघे दाबून पाय सरळ करतो, आणि मूल या दोघांच्याही विरोधात असतं. ते कंबर उचलतं, रडून निळं होतं, आणि सरकती पट्टी टाचेला लागली न लागली तोच आकडा वाचायचा. मग वय. वय महिन्यांत लागतं, कारण खुजेपणा वयावर ठरतो. कार्ड आहे का? कार्ड माहेरी राहिलं. मग आई म्हणते, "गौरींच्या वेळचा आहे." आजी म्हणते, "छे, पोळ्याच्या." पोळा आणि गौरी यांत जेमतेम आठवडाभराचं अंतर, म्हणून त्या दिवशी निभावलं. पुढच्या घरात वाद दिवाळी की संक्रांत असा होता. दोन महिन्यांनी वय इकडेतिकडे झालं की काठावरचं मूल खुजं ठरतं किंवा सुटतं. अशा काही शे मुलांची बेरीज होऊन जिल्ह्याचा ठिपका जन्माला येतो, आणि मग आपण त्याच्यावरून तीव्र आणि सौम्य सुधारणा असे शब्द वापरतो.

म्हणून मी चित्रात एक खोडी केली. ज्यांचा बदल या खात्रीच्या मर्यादेपलीकडे जात होता त्यांची रेघ काळी ठेवली, बाकीच्यांची फिकट राखाडी. मर्यादा सगळ्यांना एक नव्हती, ज्या जिल्ह्यात मुलं कमी मोजली गेली त्याला जास्त सूट. मुलं फारच कमी असतील तर सर्वेक्षणवाले स्वतःच सावध करतात. पंचवीस ते एकोणपन्नासांवर बेतलेला आकडा ते कंसात छापतात आणि पंचविसाच्या खाली तर आकड्याऐवजी फुली. खोडी केल्यावर चित्राचा रंगच उडाला. काळ्या रेघा बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. कवायतीच्या मैदानावर बहुतेक मुलं जागच्या जागी उभी होती, आम्हालाच आवाज ऐकू येत होते.

गुरुवारी बैठक. रंगीत प्रती काढायचं ठरलं होतं, पण रंगीत मशीनमध्ये कागद अडकला आणि सगळ्या प्रती काळ्या-पांढऱ्या आल्या. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. जुना ठिपका पोकळ, नवा भरीव, म्हणून झेरॉक्समध्येही वाचता येत होतं. लाल आणि हिरवे ठिपके केले असते तर दोन्ही एकाच राखेच्या रंगाचे झाले असते, आणि सगळा महाराष्ट्र एकाच वेळी सुधारला आणि बिघडला असता.

पण दिशेचा विचार केलाच नव्हता. पहिल्याच साहेबांनी आपला जिल्हा शोधला, भरीव ठिपका उजवीकडे गेलेला बघून खुशीत मान हलवली. "आम्ही पुढे सरकलो." डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या माणसाला उजवीकडे जाणं म्हणजे प्रगतीच वाटणार. संस्थात्मक बाळंतपणाच्या चित्रात ती प्रगती असतेही. खुजेपणात ती अधोगती असते. मी घाईनं सगळ्यांच्या प्रतींवर वरच्या कोपऱ्यात हातानं लिहिलं: "डावीकडे = बरं." साहेबांनी आपली मान हलवलेली परत घेतली.

दुसरे एक साहेब तक्रार घेऊन आले, त्यांच्या जिल्ह्याला एकच ठिपका आहे. "आमचं सर्वेक्षण दोनदा झालं नाही का?" झालं होतं. दोन्ही आकडे इतके जवळ होते की नवा भरीव ठिपका जुन्या पोकळ ठिपक्यावर बसला होता. न बदललेला जिल्हा हरवलेल्या जिल्ह्यासारखा दिसत होता. तोही बारीक अक्षरात खुलासा करण्याचा विषय होता आणि मी तो विसरले होते.

मग मागच्या रांगेतून आवाज आला, "हे वाढलंय ते कोरोनामुळे. शाळा बंद, अंगणवाड्या बंद." सगळ्यांनी माना डोलावल्या. पाचव्या फेरीवर २०१९-२१ असं लिहिलेलं असतं, मग कोरोना आठवणारच. पण महाराष्ट्रातली मोजणी २०१९ च्या जून ते डिसेंबरात झाली होती. तेव्हा कोरोना हा शब्दही आपल्याला माहीत नव्हता. हे मी सांगितलं आणि खोलीत जी शांतता पसरली ती एक चांगलं कारण हातचं गेल्याची होती. आणि हेही खरं, की चौथ्या फेरीत मोजलेली बहुतेक मुलं पाचव्या फेरीत पाच वर्षांच्या वर जाऊन यादीबाहेर पडली होती, घरंही दुसरी होती. माझी रेघ कुठल्याच मुलाचा प्रवास दाखवत नव्हती. ती दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या घरांत काढलेले दोन फोटो एका खिळ्याला टांगत होती. हे मात्र मी बोलले नाही. जेवणाची वेळ झाली होती.

शेवटी एक साहेब थांबले. शांत, चष्मा कपाळावर. त्यांच्या जिल्ह्याची रेघ डावीकडे जात होती, साडेचार टक्के, पण राखाडी.

"मॅडम, आमच्याकडे सुधारणा झाली की नाही?"

"सांगता येत नाही, सर."

"बिघाड झाला का?"

"तेही सांगता येत नाही."

ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे लेखी द्याल?"

मी दिलं. एका ओळीत, तारीख घालून. दोन महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्यांच्या कार्यालयात गेले तेव्हा ते पत्र टेबलाच्या काचेखाली होतं. शेजारी माझं चित्रही होतं, नीट घड्या घालून फक्त त्यांच्या जिल्ह्याची ओळ वर राहील असं. राखाडी रेघेवर कुणीतरी काळ्या स्केचपेननं गिरवलेलं होतं.

"हे?" मी विचारलं.

"शिपायानं केलं," साहेब म्हणाले. "त्याला फिकट दिसत होतं."